घोड्यांच्या लाथा आणि जोड्यांची मोजणी

१८९८ साली लायपझिगमध्ये एक छोटं जर्मन पुस्तक छापलं गेलं. नाव होतं ‘लहान संख्यांचा नियम’. सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेला पोलिश वंशाचा संख्याशास्त्रज्ञ लाडिस्लाउस फॉन बोर्टकीविच याचं हे पुस्तक. त्यातला एक तक्ता तेव्हापासून आजपर्यंत संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून फिरतो आहे. प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून किती सैनिक मेले, याची ती नोंद. १८७५ ते १८९४ अशी वीस वर्षं, आणि सैन्याच्या चौदा तुकड्या. या मोठ्या तुकड्यांना ‘कोअर’ म्हणत. त्यांपैकी चार कोअरची रचना इतरांहून वेगळी होती, म्हणून बोर्टकीविचने त्या बाजूला ठेवल्या. उरलेल्या दहा कोअर, प्रत्येकीची वीस वर्षं, म्हणजे एकूण २०० ओळी.

त्या २०० ओळींपैकी १०९ ओळींत एकही मृत्यू नाही. ६५ ओळींत एक, २२ ओळींत दोन, ३ ओळींत तीन, आणि एका ओळीत चार. सगळे मिळून १२२ मृत्यू, म्हणजे एका कोअरमागे वर्षाला सरासरी ०.६१.

सरासरी काढणं सोपं असतं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: हे आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत? ही पसरण मोजण्यासाठी संख्याशास्त्रात ‘विचरण’ वापरतात, ज्याला कॉलेजात सगळेच व्हेरिअन्स म्हणतात. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा, आणि सगळ्या वर्गांची सरासरी घ्यायची. थोडं गणित केलं की हीच गोष्ट आणखी सुटसुटीत होते. आकड्यांच्या वर्गांची सरासरी काढा आणि तिच्यातून सरासरीचा वर्ग वजा करा.

तक्ता समोर असेल तर हे कोणीही करील. अडचण येते ती सूत्र सिद्ध करताना. द्विपद वितरणाचं विचरण np(1−p) का येतं, हे वर्गांच्या वाटेने दाखवायला बसलं की k² आणि क्रमगुणितं एकमेकांत अडकतात, आणि पानभर बेरीज होते. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना ही बेरीज चांगलीच ओळखीची आहे. वर्ग हा इथे गैरसोयीचा पाहुणा आहे. मोजणीच्या आकड्यांना वर्ग मानवत नाही. त्यांना मानवतं ते x(x−1).

x(x−1) म्हणजे नक्की काय मोजलं जातं, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढचं सगळं सोपं होतं. समजा एका कोअरमध्ये एका वर्षी तीन सैनिक मेले. त्यांच्यातून एक नाव आधी निवडायचं आणि दुसरं नंतर. पहिल्यासाठी तीन पर्याय, दुसऱ्यासाठी दोन. म्हणजे सहा जोड्या झाल्या. अ-ब ही एक जोडी आणि ब-अ ही दुसरी, असं धरून. चार मृत्यू असतील तर ४ × ३ = १२ जोड्या, दोन असतील तर २. एकच मृत्यू असेल तर जोडी होतच नाही, आणि शून्य असेल तर प्रश्नच नाही. या जोड्यांच्या सरासरीला दुसरा क्रमगुणित आघूर्ण किंवा फॅक्टोरियल मोमेंट म्हणतात. तिकड्या मोजल्या तर तिसरा, आणि असंच पुढे.

आता प्रशियाचा तक्ता घ्या. १०९ आणि ६५ मिळून १७४ ओळी एका फटक्यात बाजूला होतात, कारण त्यांत जोड्याच नाहीत. उरतात फक्त २६ ओळी. दोन मृत्यूंच्या २२ ओळींच्या ४४ जोड्या, तीन मृत्यूंच्या तीन ओळींच्या १८, आणि चार मृत्यूंच्या एका ओळीच्या १२. एकूण ७४. त्याला २०० ने भागलं की ०.३७ येतं.

वर्गापर्यंत पोचायला आता एकच पायरी उरते. x² म्हणजे x(x−१) अधिक x. म्हणजे वर्गांची सरासरी ०.३७ अधिक ०.६१, बरोबर ०.९८. सरासरीचा वर्ग ०.३७२१. वजाबाकी केली की विचरण आलं ०.६०७९. सरासरी ०.६१ आणि विचरण ०.६०७९! दुर्मीळ घटनांच्या मोजणीत ही दोन्ही मापं सारखी यावीत असं सिद्धान्त सांगतो, आणि घोड्यांनी तो पाळला. पण तक्त्यातली खरी जुळणी त्याच्या एक पायरी आधी दिसते. जोड्यांची सरासरी ०.३७, आणि मृत्यूंच्या सरासरीचा वर्ग ०.३७२१. हे दोन आकडे इतके जवळ का आले, हे समजलं की विचरणाचं सूत्र पाठ करावं लागत नाही.

त्यासाठी सैन्यातून थोडा वेळ फाशांकडे जावं लागेल. १८९४ साली इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन याने फ्रान्सिस गॉल्टनला एका प्रयोगाचे आकडे कळवले. बारा फासे एकदम टाकायचे आणि किती फाशांवर ५ किंवा ६ आले ते लिहून ठेवायचं. असं २६,३०६ वेळा केलेलं होतं. सहा वर्षांनी कार्ल पिअर्सनने आपली काय-वर्ग कसोटी मांडली, तेव्हा तिच्यासाठी हेच आकडे वापरले.

एका फेकीत जोड्यांची सरासरी किती यावी? बारा फाशांतून क्रमाने दोन निवडायचे तर १२ × ११, म्हणजे १३२ जोड्या. एका फाशावर ५ किंवा ६ येण्याची संभाव्यता p असेल, तर ठरावीक दोन फाशांवर दोन्हीकडे ती येण्याची संभाव्यता p². मग जोड्यांची सरासरी १३२p². क्रमगुणित नाही, बेरजांची माळ नाही, k वर चालणारी लांबलचक मांडणी नाही. १२ च्या जागी n ठेवलं की सर्वसाधारण सूत्र मिळतं:

E[X(X−1)] = n(n−1)p²

सरासरी np आहे. आता विचरण एका ओळीत उतरतं:

n(n−1)p² + np − n²p² = np − np² = np(1−p)

पाठ्यपुस्तकातल्या बेरजेच्या वाटेनेही इथेच पोचता येतं. त्या बेरजेत k! हा छेदात बसलेला असतो, आणि k(k−1) वर ठेवलं की k! मधले पहिले दोन अवयव कटून (k−2)! उरतं. बाकीची बेरीज n−2 फाशांच्या द्विपदाची होते आणि तिची किंमत १ असते. k² ठेवलं तर हे कटणं नीट होत नाही, एक k वर लोंबकळत राहतो. युक्तीचं बीजगणित इतकंच. पण जोड्यांचा विचार त्याहून जास्त सांगतो, कारण त्यात नेमकं काय गृहीत धरलं आहे ते उघड दिसतं. एक, प्रत्येक फाशाची p सारखी आहे. दोन, कोणतेही दोन फासे एकमेकांवर परिणाम करत नाहीत. बाराच्या बारा फाशांनी मिळून काय करावं, याबद्दल विचरणाला काहीच माहीत नसतं. त्याचा संबंध फक्त दोघांशी असतो.

वेल्डनच्या आकड्यांत याची परीक्षा चांगली होते. सगळ्या फेकींत मिळून १,०६,६०२ वेळा ५ किंवा ६ आले, म्हणजे एका फेकीत सरासरी ४.०५२. खरे निर्दोष फासे असते तर ती बरोबर ४ यायला हवी होती. p येते ०.३३७७, एक तृतीयांशाहून किंचित जास्त. एवढ्या मोठ्या प्रयोगात इतकाही फरक दुर्लक्षण्यासारखा नसतो. फासे थोडे कललेले होते. पण कलणं वेगळं आणि एकमेकांवर परिणाम करणं वेगळं. १३२ × (०.३३७७)² केलं की १५.०५ येतात. प्रत्यक्ष तक्त्यातल्या जोड्या मोजल्या तर ३,९६,३६८ भरतात, आणि २६,३०६ ने भागल्यावर सरासरी येते १५.०७. एवढा फरक निव्वळ योगायोगाने सहज पडतो. म्हणजे फाशांचा कल होता, पण बाराही फाशांचा मिळून जवळजवळ सारखाच, आणि एका फाशाचं दुसऱ्याशी काही साटंलोटं नव्हतं. विचरण ४.०५२ × ०.६६२३, म्हणजे सुमारे २.६८ अपेक्षित, आणि मोजून आलं २.७०.

आता घोड्यांकडे परत. कोअरमधला प्रत्येक सैनिक म्हणजे एक फासा, आणि लाथ बसून मरणं म्हणजे त्या फाशाचा एक फार दुर्मीळ निकाल. समजा एका कोअरमध्ये १०,००० माणसं धरली. ही संख्या केवळ हिशोबापुरती. सरासरी ०.६१ ठेवायची तर p होते ०.००००६१. जोड्यांची सरासरी n(n−1)p², म्हणजे (np)² मधून np² वजा. पहिली संख्या ०.३७२१. वजा होणारी संख्या ०.००००४ च्या आसपास. ती तक्त्यात दिसणारच नाही. १०,००० च्या जागी ३०,००० धरले तर ती आणखी लहान होते. म्हणून अशा मोजणीत कोअरमध्ये नेमकी किती माणसं होती हे माहीत असण्याची गरज राहत नाही. जोड्यांची सरासरी म्हणजे सरासरीचा वर्ग, λ². फ्रेंच गणिती सिमेओं-डेनी प्वासाँ याच्या १८३७ च्या ग्रंथातून आलेल्या वितरणाचा हाच सगळ्यांत सुटसुटीत गुण आहे. दुसरा क्रमगुणित आघूर्ण λ², तिसरा λ³, चौथा λ⁴. विचरण λ² + λ − λ², म्हणजे λ.

इथे एक मोह होतो. दुसरा आघूर्ण इतका छान जुळला, तर तिसराही तपासावा. प्रशियाच्या तक्त्यात क्रमाने लावलेल्या तिकड्या ४२ निघतात: तीन मृत्यूंच्या तीन ओळींच्या १८, आणि चार मृत्यूंच्या एका ओळीच्या २४. सरासरी ०.२१. सिद्धान्त म्हणतो ०.६१ चा घन, ०.२२७. जुळणी वाईट नाही, पण तिच्यावर फार विसंबू नये. हा आकडा फक्त चार ओळींवर उभा आहे, आणि त्यातही निम्म्याहून जास्त भार एकाच ओळीवर आहे. त्या कोअरमध्ये त्या वर्षी चौथा सैनिक वाचला असता, तर तिसरा आघूर्ण ०.१२ वर आला असता. वरचे आघूर्ण कागदावर सुंदर असतात, पण लहान तक्त्यात डळमळतात. विचरणासाठी दुसरा पुरतो, आणि तिथेच थांबलेलं बरं.

ही पद्धत वापरताना एक चूक नेहमी होते. जोड्यांची सरासरी काढली, तिच्यातून सरासरीचा वर्ग वजा केला, आणि मधे सरासरी मिळवायची राहून गेली. फाशांच्या बाबतीत ही चूक लगेच पकडली जाते. १५.०५ मधून १६.४२ वजा केले की उत्तर ऋण येतं, आणि विचरण कधीच ऋण नसतं. घोड्यांच्या दहा कोअरमध्येही उत्तर −०.००२१ येतं. पण काही तक्ते असे असतात की ही चुकीची वजाबाकी धन येते आणि बिनबोभाट खपून जाते. बोर्टकीविचच्या संपूर्ण चौदा कोअर घेतल्या की नेमकं हेच होतं.

चौदा कोअर आणि वीस वर्षं म्हणजे २८० ओळी. त्यांत १४४ शून्याच्या, ९१ एकाच्या, ३२ दोनाच्या, ११ तीनाच्या आणि २ चाराच्या. मृत्यू १९६, सरासरी बरोबर ०.७. जोड्या ६४ + ६६ + २४, म्हणजे १५४, आणि त्यांची सरासरी बरोबर ०.५५. पण सरासरीचा वर्ग आहे ०.४९. जोड्या ०.०६ ने जास्त निघाल्या. विचरण ०.७६, सरासरीपेक्षा मोठं.

असा जादा आकडा कुठून येतो? समजा सगळ्या कोअरचा धोका सारखा नाही. एकीचा λ लहान, दुसरीचा मोठा. प्रत्येक कोअरमध्ये जोड्यांची सरासरी तिच्या स्वतःच्या λ चा वर्ग असते. सगळ्या ओळी एकत्र केल्या की आपल्याला वर्गांची सरासरी मिळते, आणि ती नेहमी सरासरीच्या वर्गापेक्षा मोठी किंवा फार तर तेवढीच असते. दोन्हींतला फरक म्हणजे λ चं स्वतःचं विचरण. म्हणजे मघाची ‘चुकीची’ वजाबाकी इथे अर्थपूर्ण होते. धोका कोअरगणिक किंवा वर्षागणिक किती बदलतो याचा तो अंदाज असतो. फासे असोत की घोडे, ही एक वजाबाकी बरंच सांगून जाते. ठळकपणे ऋण आली तर मर्यादित संख्येतली द्विपद मोजणी असावी. शून्याजवळ असेल तर दुर्मीळ घटनांची. ठळकपणे धन असेल तर वेगवेगळे धोके एकत्र मिसळलेले असावेत, किंवा घटना एकमेकींना ओढून आणत असाव्यात.

‘ठळकपणे’ हा शब्द मात्र सोडून चालणार नाही. ०.०६ खरोखर मोठा आहे का? सगळ्या ओळींचा λ सारखाच ०.७ असता, तरीही या वजाबाकीत योगायोगाने चढउतार झालाच असता. तो साधारण λ × √(२/ओळींची संख्या) एवढा असतो. २८० ओळींसाठी तो येतो ०.०५९. म्हणजे जादा निघालेला आकडा योगायोगाच्या नेहमीच्या हेलकाव्याइतकाच आहे. एवढ्यावरून कोअरमध्ये फरक होता असं म्हणता येत नाही.

पण जोड्या कुठल्या मोजल्या हे पाहिलं की या हिशोबातली उणीव दिसते. आतापर्यंत एकाच कोअरमधले, एकाच वर्षी झालेले दोन मृत्यू एवढीच जोडी धरली. अकराव्या कोअरमध्ये १८८० साली एक आणि १८९० साली एक मृत्यू झाला असेल, तर ती जोडी मोजलीच गेली नाही. आणि धोका कोअरचाच असेल तर नेमक्या अशाच जोड्या बोलणार. म्हणून वीस वर्षं एकत्र करून प्रत्येक कोअरची एकच बेरीज घ्यावी. गार्ड कोअर १६, पहिली १६, दुसरी १२, तिसरी १२, चौथी ८, पाचवी ११, सहावी १७, सातवी १२, आठवी ७, नववी १३, दहावी १५, अकरावी २५, चौदावी २४ आणि पंधरावी ८. बोर्टकीविचने वगळलेल्या चार म्हणजे गार्ड, पहिली, सहावी आणि अकरावी.

आता ओळी फक्त चौदा, पण जोड्या २,९३०. सरासरी २०९.३. एका कोअरमागे वीस वर्षांत सरासरी १४ मृत्यू, त्याचा वर्ग १९६. जादा १३.३. योगायोगाचा हेलकावा १४ × √(२/१४), म्हणजे ५.३. या वेळी जादा आकडा त्याच्या अडीचपट आहे. २८० ओळींच्या तक्त्यात जे दिसत नव्हतं, ते इथे बऱ्यापैकी स्पष्ट होतं. चौदा कोअर सारख्या धोक्याच्या नव्हत्या, आणि चार कोअर वेगळ्या ठेवण्यामागचं कारण आकड्यांतही उमटतं. बोर्टकीविचच्या निवडक दहा कोअरपुरता हाच हिशोब केला तर जादा ९.० आणि हेलकावा ५.५ निघतो. म्हणजे संशयाला जागा आहे, पण पुरावा म्हणावा इतकं नाही. त्या संशयाचा मोठा भाग एकट्या चौदाव्या कोअरच्या २४ मृत्यूंमुळे येतो.

पाठ्यपुस्तकांत बहुधा २०० ओळींचा तक्ता छापतात आणि ०.६१ व ०.६०७९ ची जुळणी दाखवून पुढे जातात. ती जुळणी खरी आहे, पण ती २०० ओळींतल्या फक्त ७४ जोड्यांवर टेकलेली आहे. वाचकांनी वर दिलेल्या कोअरच्या बेरजा घेऊन जोड्या स्वतः मोजून पाहाव्यात. कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटं पुरतात.